व्याजावर जीएसटी का लागत नाही?

आईचं पासबुक भरून आणलं की त्यातल्या नोंदी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. दर तीन महिन्यांनी त्यात एक ओळ येते: एसएमएस चार्जेस, १७.७० रुपये. हे सत्तर पैसे कुठून आले, असा प्रश्न तिला प्रत्येक वेळी पडतो. हिशेब सोपा आहे. बँकेचा आकार १५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २ रुपये ७० पैसे. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

त्याच पानावर दोन ओळी खाली तिच्या मुदत ठेवीचं व्याज जमा झालेलं असतं. तिथे जीएसटी नाही. माझ्या गृहकर्जाचं वर्षाचं विवरण पाहिलं तर व्याजापोटी गेलेली रक्कम लाखांत आहे, पण जीएसटीचा रकानाच नाही. कर्ज घेताना प्रोसेसिंग फी भरली होती, तिच्यावर मात्र १८ टक्के लागला होता. (ठेवीच्या व्याजावर जो टीडीएस कापतात, तो आयकर. त्याचा इथे संबंध नाही.)

बँक काही एसएमएसच्या पंधरा रुपयांवर चालत नाही. ठेवीवर द्यायचं व्याज आणि कर्जावर घ्यायचं व्याज यांतला फरक ही तिची मुख्य कमाई. म्हणजे बँकेच्या किरकोळ सेवांवर कर आहे आणि तिच्या खऱ्या धंद्यावर नाही. ही सवलत कुणी बँकांवर मेहेरबान होऊन दिलेली नाही. युरोपने १९७७ मध्ये व्हॅटचे, म्हणजे मूल्यवर्धित कराचे नियम एकसारखे करताना कर्ज, ठेवी आणि विमा करातून वगळले. भारतात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा व्याजाच्या रूपात मिळणारा मोबदला त्यातून वगळला गेला. जगातल्या बहुतेक देशांनी हेच केलं, कारण हा कर कसा लावायचा ते कुणालाच नीट जमलेलं नाही. अडचण कुठे आहे हे समजायचं तर आधी हा कर चालतो कसा, ते पाहावं लागेल.

मूल्यवर्धित कर पहिल्यांदा १९५४ मध्ये फ्रान्समध्ये लागू झाला. मोरिस लोरे या तिथल्या कर अधिकाऱ्याची ही कल्पना. आपल्याकडचा व्हॅट आणि आताचा जीएसटी त्याच कुळातले. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे असं धरा. तिने १०० रुपयांचा कच्चा माल घेतला आणि त्यावर १८ रुपये कर दिला. त्यापासून ओतीव भाग बनवून १६० रुपयांना विकले आणि गिऱ्हाइकाकडून २८ रुपये ८० पैसे कर घेतला. सरकारला भरताना फाउंड्रीवाला आधी दिलेल्या १८ रुपयांचा सेट-ऑफ घेतो आणि उरलेले १० रुपये ८० पैसे भरतो. हे बरोबर ६० रुपयांवरचे १८ टक्के आहेत, आणि ६० रुपये म्हणजे त्याने मालात घातलेली भर. पुढचा कारखानदार ते भाग घेताना २८.८० देतो आणि त्याचा सेट-ऑफ घेतो. असं होत होत शेवटी ज्याच्या घरात वस्तू जाते त्याच्यावर सगळा कर टेकतो. मधल्या कुणाच्याही खिशाला तोशीस लागत नाही.

ही सगळी साखळी बिलावर उभी आहे. बिलात सेवेची किंमत वेगळी, कर वेगळा. ज्याला सेट-ऑफ घ्यायचा त्याच्या हातात तो आकडा असायलाच हवा. बिल नसेल किंवा बिलात किंमतच नसेल, तर साखळी तुटते.

आता बँकेकडे वळू. एका निवृत्त शिक्षिकेने बँकेत १० लाख रुपये ६ टक्क्यांनी ठेवले. बँकेने तेच १० लाख आपल्या फाउंड्रीवाल्याला १० टक्क्यांनी दिले. वर्षाअखेर बँकेला १ लाख व्याज मिळालं, ६० हजार द्यावं लागलं, हाती राहिले ४० हजार. ही बँकेच्या सेवेची किंमत. यावर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये कर होतो.

इथवर काहीच अवघड नाही. बँकेची एकूण कमाई ताळेबंदात दिसते. अडचण पुढच्या पायरीवर येते. या ४० हजारांचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

सेवा दोघांनाही मिळाली आहे. शिक्षिकेचे पैसे सुरक्षित राहिले, हवे तेव्हा काढता येतात, फाउंड्रीवाल्याची पत तपासत तिला फिरावं लागलं नाही. फाउंड्रीवाल्याला दहा ठेवीदारांच्या दारात न जाता एका ठिकाणी रक्कम मिळाली. दोघांनीही त्याची किंमत मोजली, पण पावती कुणालाच मिळाली नाही. शिक्षिकेने ती कमी व्याज घेऊन मोजली आणि फाउंड्रीवाल्याने जास्त व्याज देऊन.

किती कमी आणि किती जास्त? त्यासाठी मधला एक दर लागेल, ज्यात बँकेच्या सेवेची किंमत अजिबात नाही, नुसतं पैशाचं भाडं आहे. त्याला संदर्भ दर म्हणतात. तो ७.५ टक्के धरला, तर शिक्षिकेने दीड टक्का, म्हणजे १५ हजार मोजले आणि फाउंड्रीवाल्याने अडीच टक्के, म्हणजे २५ हजार. कर अनुक्रमे २,७०० आणि ४,५०० रुपये. फाउंड्रीवाला ४,५०० चा सेट-ऑफ घेईल, कारण तो व्यावसायिक आहे आणि पुढे आपल्या मालावर कर लावणार आहे. शिक्षिका शेवटची ग्राहक, तिचे २,७०० सरकारकडे राहतील. बँकेने आपल्या खरेदीवर भरलेल्या कराचा सेट-ऑफ घेतला तरी सरकारच्या हाती एकूण येणारी रक्कम तीच राहते, कारण तो कर आधीच्या विक्रेत्याने भरलेला असतो.

आता संदर्भ दर ७.५ ऐवजी ७ धरून पाहा. शिक्षिकेचा वाटा १० हजार, फाउंड्रीवाल्याचा ३० हजार. बँकेची कमाई तीच ४० हजार, एकूण कर तोच ७,२००. पण सरकारच्या हाती शेवटी राहणारा कर २,७०० वरून १,८०० वर आला. अर्ध्या टक्क्याने एक तृतीयांश महसूल गेला. ज्या दरावर हे सगळं अवलंबून आहे, तो बाजारात कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो. सरकारी रोख्याचा दर घ्यावा, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो रेपो दर घ्यावा की बँका एकमेकींना देतात तो घ्यावा, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. देशाचं सकल उत्पन्न मोजणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना हीच अडचण येते. तेही बँकांचा वाटा असाच एखादा संदर्भ दर धरून काढतात. पण त्यांचं काम देशभराच्या अंदाजावर भागतं, करखात्याला प्रत्येक खात्याचा आकडा लागतो.

काही देशांनी एकूण कमाईवर कर लावून पाहिला. इस्रायलमध्ये वित्तसंस्थांचे पगार आणि नफा यांची बेरीज करून तिच्यावर कर घेतात, कारण पगार अधिक नफा म्हणजेच संस्थेने घातलेली भर. महसूल मिळतो, पण फाउंड्रीवाल्याला सेट-ऑफ मिळत नाही, कारण त्याच्या वाट्याचा आकडा कुठेच नसतो. तो कर मग त्याच्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो.

संदर्भ दरावर एकमत झालं असतं तरी आणखी दोन गाठी राहतात. पहिली बुडीत कर्जाची. १० टक्के व्याजातला सगळा भाग सेवेची किंमत नसतो. शंभर कर्जदारांतला एखादा बुडणार हे बँकेला माहीत असतं, म्हणून ती सगळ्यांकडून थोडं जास्त घेते. आपल्या उदाहरणात वर्षाला सरासरी एक टक्का बुडत असेल, तर ४० हजारांतले १० हजार ही सेवेची कमाई नाहीच, ती दुसऱ्या कुणीतरी बुडवलेल्या रकमेची भरपाई आहे. म्हणजे कर ३० हजारांवर हवा. पण किती बुडणार हे कर्ज देताना कुणालाच ठाऊक नसतं, ते काही वर्षांनी कळतं. बिल मात्र आज फाडायचं असतं.

दुसरी गाठ काळाची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्याआधी कुणी पाच वर्षांसाठी स्थिर दराने कर्ज घेतलं असेल, तर त्याच्या व्याजातून कोणता संदर्भ दर वजा करायचा? कर्ज घेतलं त्या दिवसाचा, की आजचा? आजचा धरला तर बँकेची ‘सेवा’ अचानक जवळजवळ फुकट झाली असं दिसेल, कदाचित उणेही. प्रत्यक्षात बँकेने सेवेत काहीच बदल केलेला नसतो.

एवढ्या गाठी पाहून बहुतेक सरकारांनी व्याजाला करमाफी दिली. आणि इथेच एक मोठा गैरसमज आहे. करमाफी म्हणजे कर नाही, असं आपण समजतो. मूल्यवर्धित करात तसं नसतं. ज्या सेवेवर कर माफ, ती सेवा देण्यासाठी केलेल्या खरेदीवरचा सेट-ऑफही जातो.

आपल्या बँकेने ४० हजारांतले १५ हजार बाहेरच्या सेवांवर खर्च केले असं धरा: संगणक प्रणाली, शाखेचं भाडं, एटीएममध्ये रोकड भरणारी कंपनी. उरलेले २५ हजार पगार आणि नफा. त्या १५ हजारांवर बँकेने २,७०० रुपये जीएसटी भरला. व्याजावर कर नाही म्हणून याचा सेट-ऑफ नाही. हे २,७०० बँक स्वतः सोसत नाही, तिच्या खर्चात धरून ती ठेवीवर थोडं कमी आणि कर्जावर थोडं जास्त व्याज लावते. संदर्भ दर पुन्हा ७.५ धरून १५ आणि २५ च्या प्रमाणात वाटले, तर साधारण १,०१३ रुपये शिक्षिकेवर आणि १,६८७ फाउंड्रीवाल्यावर पडतात.

आता तुलना करा. कर आदर्श पद्धतीने लागला असता तर शिक्षिकेने २,७०० दिले असते आणि फाउंड्रीवाल्याने सेट-ऑफ घेऊन शून्य. करमाफीत शिक्षिका १,०१३ देते आणि फाउंड्रीवाला १,६८७. सरकारच्या हाती दोन्हीकडे २,७००च येतात. माझ्या उदाहरणातले आकडे तसे जुळून आले आहेत, खऱ्या जगात ते जुळतीलच असं नाही. पण ओझं कसं सरकतं ते यात स्वच्छ दिसतं. घरगुती ग्राहकावर हवा त्यापेक्षा कमी कर आणि उद्योगावर मुळीच नको असलेला कर. फाउंड्रीवाल्याचे ते १,६८७ त्याच्या ओतीव भागांच्या किमतीत जातात आणि त्या किमतीवर पुन्हा १८ टक्के लागतो. करावर कर नको म्हणून जो कर आणला, त्याच्याच पोटात करावर कर राहतो, आणि तो कुठल्याही बिलावर दिसत नाही.

भारतीय कायद्याने यावर एक व्यवहारी तोड काढली आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(४) नुसार बँका आणि बिगर बँकिंग वित्तसंस्था, कुठली खरेदी कुठल्या सेवेसाठी हे न शोधता, सरसकट ५० टक्के सेट-ऑफ घेऊ शकतात. उरलेला ५० टक्के कायमचा बुडतो. शाखेतला एकच संगणक सकाळी एसएमएसच्या पंधरा रुपयांची नोंद करतो आणि दुपारी कर्जाच्या व्याजाची. त्याच्यावरचा कर कुठल्या खात्यात टाकायचा हा वाद या निम्म्या-निम्म्याने मिटतो, पण निम्मा कर खर्चात अडकतोच.

याचा परिणाम दाराशी उभ्या पहारेकऱ्यावरही होतो. बँकेने स्वतःच्या पगारावर पहारेकरी ठेवला तर महिन्याला २० हजार लागतात असं धरू. पगारावर जीएसटी नाही. बाहेरची कंपनी तेच काम १९ हजारांत करायला तयार आहे, पण तिच्या बिलावर ३,४२० रुपये कर लागेल. त्यातला निम्मा परत मिळाला तरी बँकेला ते काम २०,७१० रुपयांना पडतं. खरोखर स्वस्त असलेली कंपनी केवळ करामुळे महाग ठरली. सगळी कामं घरातच ठेवायची ओढ यातून तयार होते. मोठ्या बँकेला ते परवडतं. लहान सहकारी बँकेला संगणक प्रणालीपासून लेखापरीक्षणापर्यंत बरंच बाहेरून घ्यावं लागतं, त्यामुळे अडकलेल्या कराचा भार तिच्यावर जास्त पडतो. मला ही गोष्ट खटकते, कारण कायद्याच्या मजकुरात लहान-मोठ्यात काहीच भेद नाही आणि तरी परिणाम मात्र सारखा होत नाही.

लपलेल्या नफ्यावर कर लावणं अगदीच अशक्य आहे का? नाही. एक ठिकाण असं आहे जिथे भारतात तो रोज लागतो: परकीय चलन. मुलगी शिकायला परदेशी निघाली म्हणून तुम्ही १,००० डॉलर घेतले. बँकेने ८५.५० रुपयांचा दर लावला, त्या दिवशीचा संदर्भ दर ८५ रुपये होता असं समजू. बँकेने सेवाशुल्क म्हणून एक पैसा घेतला नसला, तरी फरकातले ५०० रुपये तिचे. जीएसटी नियमावलीचा नियम ३२ हेच सांगतो: विक्रीचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक म्हणजे सेवेची किंमत. त्यावर १८ टक्के म्हणजे ९० रुपये. बँकेला दुसराही मार्ग खुला आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हीच किंमत मानायची, किमान २५० रुपये. मग ८५,५०० च्या एक टक्क्यावर, म्हणजे ८५५ रुपयांवर, १५३ रुपये ९० पैसे कर होईल. पावतीवर कर दिसला आणि शुल्क दिसलं नाही, तर बँकेने या दोनांपैकी कोणता मार्ग धरला आहे ते असा हिशेब करून ओळखता येतं.

हे चलनात जमतं कारण व्यवहार एका मिनिटात संपतो. संदर्भ दर त्या दिवसाचा, बुडण्याची भीती नाही, पुढची पाच वर्षं नाहीत. कर्जात यांतली एकही सोय नाही.

कर्जासाठीही एक देखणा उपाय सुचवला गेला होता. सत्य पोद्दार आणि मॉर्ली इंग्लिश या करतज्ज्ञांनी १९९७ मध्ये नॅशनल टॅक्स जर्नलमध्ये तो मांडला. त्यातला विचार असा, की नफा शोधत बसूच नका, पैशाच्या हालचालीवर कर लावा. बँकेतून पैसे बाहेर गेले की बँकेला सेट-ऑफ, पैसे आत आले की बँकेवर कर. मात्र कर लगेच भरायचा नाही. तो प्रत्येक खात्यासाठी एका करवहीत लिहून ठेवायचा आणि त्या नोंदीवर संदर्भ दराने व्याज चढवायचं.

फाउंड्रीवाल्याच्या कर्जावर हे करून पाहू. बँकेने १० लाख दिले, करवहीत १,८०,००० चा सेट-ऑफ लिहिला. वर्षभरात त्यावर ७.५ टक्क्यांनी व्याज चढून तो १,९३,५०० झाला. वर्षाअखेर फाउंड्रीवाल्याने ११ लाख परत केले, त्यावर कर १,९८,०००. दोन्हींची वजाबाकी ४,५०० रुपये. मघाशी त्याच्या २५ हजारांवर जो कर काढला होता, तोच आकडा! शिक्षिकेच्या ठेवीचंही तसंच. १० लाख आत आले, कर १,८०,०००, व्याजासह १,९३,५००. वर्षाअखेर १०,६०,००० बाहेर गेले, सेट-ऑफ १,९०,८००. उरले २,७००. प्रत्येक खात्याचा वाटा आपोआप वेगळा झाला, म्हणजे बिल फाडता येईल.

बुडीत कर्जाची गाठही यात सुटते. कर्जदाराने ११ ऐवजी ९ लाखच परत केले, तर बँकेवर कर लागेल तो ९ लाखांवरचा, आणि आधीचा सेट-ऑफ जास्त ठरून बँकेला फरक परत मिळेल. बुडणार किती याचा अंदाज आधी करावाच लागत नाही. मला या पद्धतीतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

युरोपीय आयोगाने ही पद्धत काही वित्तसंस्थांमध्ये चाचणी म्हणून वापरून पाहिली. कुठल्या देशाने मात्र ती स्वीकारली नाही. प्रत्येक कर्जाची आणि प्रत्येक ठेवीची करवही, तीवर सतत चढणारं व्याज, आणि संदर्भ दर कोणता हा जुना प्रश्न तसाच. शिवाय सरकारांच्या मनात एक शंका होती. असा नेमका कर लागला की सगळे उद्योग सेट-ऑफ घेतील. आज त्यांच्याकडून अडकलेल्या कराच्या रूपाने जे मिळतं, ते जाईल. घरगुती ग्राहकांकडून तेवढं भरून निघेल याची खात्री नव्हती.

न्यूझीलंडने २००५ पासून अर्धी वाट धरली. बँकेचा ग्राहक करपात्र धंदा करणारा असेल, तर त्याला दिलेली सेवा ‘शून्य दराची’ मानायची. शून्य दर आणि माफी यांत फरक आहे. शून्य दरात कर लागत नाही आणि खरेदीवरचा सेट-ऑफही मिळतो. आपल्याकडे निर्यातीला हीच वागणूक आहे. यामुळे फाउंड्रीवाल्यासारख्यांवरचं नको ते ओझं उतरतं. शिक्षिकेचा प्रश्न तसाच राहतो, पण दोन चुकांपैकी निदान एक दुरुस्त होते. माझ्या मते आपल्या जीएसटी परिषदेने विचारात घ्यावी अशी हीच वाट आहे, कारण व्यावसायिक कर्जदाराचा जीएसटी क्रमांक बँकेकडे आधीच असतो.

विम्यात किंमत वेगळ्या पद्धतीने लपते. मोटार विम्याचा हप्ता १०,००० रुपये. हजारो गाड्यांच्या हिशेबात त्यातले सरासरी ७,५०० दाव्यांपोटी परत जातात असं धरा. विमा कंपनीने या पैशांची काही वस्तू केली नाही, ज्यांच्या गाडीला अपघात झाला नाही त्यांच्याकडून घेऊन ज्यांच्या झाला त्यांना दिले. सेवेची किंमत २,५०० रुपये, रास्त कर ४५० रुपये. पण १८ टक्के लागतो तो पूर्ण १०,००० वर, म्हणजे १,८००.

न्यूझीलंडने १९८६ मध्ये कर आणतानाच यावर उत्तर शोधलं. कर पूर्ण हप्त्यावर घ्यायचा, आणि कंपनीने दावा दिला की त्या रकमेत कर धरलेला आहे असं मानून तिला सेट-ऑफ द्यायचा. वर्षभराच्या बेरजेत कर आपोआप फरकावर येतो. आपल्याकडे याचा एक तुकडा आहे. अपघातानंतर गॅरेजने दुरुस्तीचं बिल विमा कंपनीच्या नावे दिलं, तर त्यातल्या जीएसटीचा सेट-ऑफ कंपनीला मिळतो. गाडीमालकाने आधी पैसे भरून नंतर कंपनीकडून परत घेतले तर काय, यावर वाद होते. जून २०२४ च्या परिपत्रकाने तिथेही सेट-ऑफ मिळतो असं स्पष्ट केलं. पण गाडी पूर्ण नष्ट झाली आणि रोख भरपाई दिली, किंवा अपघातात कुणी दगावलं आणि न्यायाधिकरणाने नुकसानभरपाई ठरवली, तर बिल नाही, म्हणून सेट-ऑफ नाही.

आयुर्विम्यात तर हप्त्यातच बचत मिसळलेली असते. तिथे नियमाने सरळ ठोकताळा बांधला होता. हप्त्यातला बचतीचा वाटा ग्राहकाला वेगळा कळवलेला नसेल, तर पहिल्या वर्षी हप्त्याचा २५ टक्के आणि पुढे १२.५ टक्के भाग सेवा समजायचा. ४०,००० च्या हप्त्यावर पहिल्या वर्षी १,८०० रुपये, नंतर ९००. खरी किंमत किती याचं हे मोजमाप नव्हतं, मोजता येत नाही म्हणून ठरवून टाकलेला आकडा होता.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा जीएसटीतून माफ झाला. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘हप्ता १८ टक्के स्वस्त’ असा घेतला. २०,००० च्या आरोग्यविम्यावर आधी ३,६०० कर होता, तो गेला हे खरं. पण हा शून्य दर नाही, माफी आहे. कंपनी एजंटच्या कमिशनवर, कार्यालयाच्या भाड्यावर, संगणक सेवांवर जो जीएसटी भरते, त्याचा सेट-ऑफ आता बंद झाला. या पॉलिसीमागे तो खर्च ५,००० असेल, तर ९०० रुपये अडकले. ते नफ्यातून जातील, एजंटच्या कमिशनमधून कापले जातील किंवा मूळ हप्त्यात मिसळतील. मिसळले तर तुमची बचत ३,६०० नसून २,७०० असते. विमा कंपन्या स्वतःच्या जोखमीचा जो विमा उतरवतात, त्या पुनर्विम्यालाही सोबतच माफी दिल्यामुळे तिथला कर अडकला नाही, नाहीतर हा आकडा मोठा झाला असता. नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या सामूहिक विम्यावर १८ टक्के कायम आहे.

तुमच्या बाबतीत काय झालं ते नूतनीकरणाच्या नोटिशीवरून शोधता येतं. मागच्या वर्षीची आणि या वर्षीची नोटीस शेजारी ठेवा, आणि एकूण रक्कम सोडून करापूर्वीचा हप्ता पाहा. तुम्ही नव्या वयोगटात गेला असाल तर त्या वाढीचा भाग कंपनीच्या दरपत्रकातून आधी वजा करावा लागेल, आणि कंपनीने सरसकट दर वाढवले असतील तर तोही. त्यानंतरही मूळ हप्ता दोन-चार टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर अडकलेला कर तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. आईच्या पासबुकातल्या सत्तर पैशांसारखी त्याची वेगळी ओळ कुठेच छापलेली नसेल.